उदाहरणांचा पडताळा आणि बीजगणितातील सिद्धता : एका विद्यार्थिनीस पत्र

‘n कोणताही पूर्णांक असल्यास n³ − n या संख्येस ६ ने नि:शेष भाग जातो, हे सिद्ध करा’ या प्रश्नाचे पुष्कळ विद्यार्थ्यांचे उत्तर चार-पाच उदाहरणांपाशी थांबते. अशा उत्तरास गुण का मिळत नाहीत, याचे स्पष्टीकरण एका अध्यापन साहाय्यकाने पुढील पत्रात केले आहे.

लासूर स्टेशन

प्रिय विद्यार्थिनीस,

स. न. वि. वि.

तू २, ३, ४, ५ आणि १० या किमती घेऊन ६, २४, ६०, १२० आणि ९९० ही उत्तरे काढलीस. ती अचूक आहेत. परंतु ‘म्हणून सिद्ध झाले’ हे तुझे शेवटचे वाक्य त्यांतून निघत नाही. विधान प्रत्येक पूर्णांकाविषयी आहे आणि पडताळा केवळ पाच संख्यांचा आहे.

‘मग आणखी किती उदाहरणे हवीत?’ असे तू विचारलेस. ऑयलरच्या नावाने प्रसिद्ध असलेली n² + n + ४१ ही पदावली घे. n ची किंमत ० पासून ३९ पर्यंत कोणतीही घेतली तरी मूळ संख्याच मिळते. चाळीस उदाहरणे तपासणारा कोणीही निर्धास्त होईल. आता n = ४० घे. ४० × ४१ + ४१ म्हणजे ४१ × ४१, अर्थात १६८१; ही मूळ संख्या नव्हे. खरे तर हे पदावलीच्या रचनेतच दिसत होते, पण किमती घालत बसलेल्याची दृष्टी रचनेकडे जात नाही.

मात्र तपासणीने कधीच काही सिद्ध होत नाही, असे समजू नकोस. देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांनी दाखविले की, चारही अंक समान नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास (अंक कमी पडल्यास आधी शून्य मांडून) अखेर ६१७४ येते. अशा संख्या ८,९९१ च आहेत. त्या सर्व तपासल्या की ती सिद्धताच होय, कारण एकही संख्या शिल्लक राहत नाही.

तुझ्या प्रश्नात पूर्णांक अनंत आहेत; पण त्यांना ६ ने भागले असता बाक्या सहाच उरतात. n = ६k + r असे लिहून विस्तार कर. r³ − r वगळता प्रत्येक पदात ६ हा अवयव येतो. म्हणून r च्या ० ते ५ या सहा किमती तपासणे पुरेसे आहे. त्यांपैकी चार तू तपासल्याच होत्यास. ० आणि १ राहिल्या, त्यांचे उत्तर शून्य येते. १० ची बाकी ४ असल्याने त्या उदाहरणाने नवे काहीच सांगितले नाही. तुझ्या आकडेमोडीला सिद्धतेचे रूप येण्यास विस्ताराची ती एक ओळ हवी होती.

आता n⁵ − n या संख्येस ५ ने भाग जातो, हे सिद्ध कर. किती किमती तपासणे पुरेसे आहे आणि का, हे आधी लिही. किमती त्यानंतर घाल.

तुझा,
अध्यापन साहाय्यक