रजा-रोखीकरण व निवृत्तिवेतन-अंशराशीकरण यांवरील कर
सेवानिवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेबद्दल मिळणारी रोख रक्कम केंद्र व राज्य शासनांच्या कर्मचाऱ्यांना संपूर्ण करमुक्त असते. इतरांच्या बाबतीत चार रकमांपैकी सर्वांत लहान रक्कमच करमुक्त ठरते : प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, दहा महिन्यांचे सरासरी वेतन, शिल्लक रजेचे वेतन आणि २५ लाख रुपये. ही कमाल मर्यादा २०२३ पर्यंत ३ लाख होती. वेतनात मूळ वेतन व सेवाशर्तींनुसार निवृत्तिलाभांसाठी धरला जाणारा महागाई भत्ता येतो.

शिल्लक रजा मोजताना सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास ३० दिवसांहून अधिक रजा धरली जात नाही. गफलत बहुधा येथेच होते. समजा, वर्षाला ४५ दिवस रजा देणाऱ्या कंपनीत एकाने २० वर्षांत ४२० दिवस रजा घेतली. सरासरी वेतन ८०,००० रुपये असल्यास ४८० दिवसांचे १२,८०,००० रुपये त्याच्या हाती पडतात. कायद्याच्या हिशेबी मात्र ६०० वजा ४२०, म्हणजे १८० दिवसच उरतात. त्यांचे ४,८०,००० रुपये करमुक्त व उरलेले ८,००,००० करपात्र होतात. २५ लाखांच्या मर्यादेचा येथे संबंधच येत नाही.

अंशराशीकरणात करमुक्तीचे क्षेत्र अधिक विस्तृत आहे. शासकीय कर्मचाऱ्यांबरोबर स्थानिक प्राधिकरणे व वैधानिक महामंडळे यांतील कर्मचाऱ्यांनाही ती पूर्ण मिळते. खाजगी कर्मचाऱ्यास उपदान मिळाले असल्यास संपूर्ण निवृत्तिवेतनाच्या राशिमूल्याचा एक-तृतीयांश, अन्यथा निम्मा भाग करमुक्त असतो. निम्म्या निवृत्तिवेतनाचे ९ लाख घेणाऱ्या उपदानधारकाचे संपूर्ण मूल्य १८ लाख होते. त्याला ६ लाखांवर कर नाही, ३ लाखांवर आहे.