आधी विचारा, मग ओळख करून द्या

सावंतवाडीची माझी मामेबहीण घरचं कोकम सरबत बाटल्यांत भरून विकते. मे महिन्यात तिच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या फुगायला लागल्या. “दादा, तुझे ते पॅकेजिंगवाले सर आहेत ना, त्यांचा नंबर दे की!”

नंबर देणं सोपं होतं. पण मग नाही म्हणण्याचा अवघडलेपणा सरांच्या वाट्याला आला असता. म्हणून तिला सांगितलं, “मला एक ईमेल लिही. असा, की मी तो जसाच्या तसा पुढे पाठवू शकेन.”

पहिला मसुदा पानभर आला, आजीच्या कोकमापासून सुरू झालेला. आम्ही तो चार वाक्यांवर आणला: ‘मी घरी कोकम सरबत करून विकते. उन्हाळ्यात बाटल्या फुगतात, चव आंबते. दोष झाकणाचा की सरबत भरण्याच्या पद्धतीचा, हे कळत नाही. सरांनी फोनवर वीस मिनिटं दिली, तर बाटल्यांचे फोटो आधी पाठवीन.’ नेमका प्रश्न आणि मागितलेला वेळ दिसला, की समोरच्याला ठरवणं सोपं जातं.

तो सरांना पाठवताना वर मी दोनच ओळी लिहिल्या. ही माझी बहीण. आणि तुम्ही विद्यार्थ्यांसाठी लहान उत्पादकांच्या खऱ्या अडचणी शोधत होता, तशी ही एक आहे. ‘जमत नसेल तर निःसंकोच सांगा, तिला मी कळवीन.’ बहिणीला तेव्हा काहीच कळवलं नाही. होकाराआधी आशा लावण्यात अर्थ नव्हता. अशी दोन्हीकडून होकार घेण्याची रीत इंग्रजीत ‘डबल ऑप्ट-इन’ म्हणून ओळखली जाते. न्यूयॉर्कचे गुंतवणूकदार फ्रेड विल्सन यांनी २००९ मध्ये तिच्याविषयी लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सरांचा होकार आला. इथे एक चूक सहज होते: त्याच ईमेलला उत्तर देऊन बहिणीला जोडायचं. मग आपण सरांना खासगीत लिहिलेलं आणि त्यांनी मोकळेपणाने दिलेलं उत्तर, सगळं तिला खाली वाचता येतं. मी नवा ईमेल लिहिला. विषय: ‘ओळख: कोकम सरबत आणि पॅकेजिंग’. ‘To’मध्ये दोघं. सरांची ओळख एका वाक्यात, तिची एका वाक्यात, आणि शेवटी ‘सरांना सोयीची वेळ तू विचार’. पहिलं उत्तर कोणी द्यायचं हे लिहिलं नाही, तर दोघंही वाट बघत बसतात. गरज तिची, म्हणून सुरुवात तिची.

तिने त्याच संध्याकाळी उत्तर दिलं, आणि मी सांगून ठेवल्याप्रमाणे ‘धन्यवाद दादा, तुला Bcc मध्ये हलवते’ असं लिहून मला बाजूला केलं. नाहीतर मंगळवार की गुरुवार, या घोळाचा प्रत्येक ईमेल माझ्याकडे आला असता.

पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. जूनमध्ये घरी सरबताच्या दोन बाटल्या आल्या. काचेच्या.