‘रे’वर थांबलेली सुरावट

मोझार्टचा ए मेजरमधला पियानो सोनाटा (क्रमांक ३३१) १७८४ मध्ये व्हिएन्नात छापला गेला. त्याचा शेवटचा भाग ‘टर्किश मार्च’ म्हणून जगभर ऐकला जातो. पण पाश्चात्त्य अभिजात संगीतातली सुरावट कशी उभी राहते हे समजून घ्यायचं असेल, तर त्याच सोनाटाच्या पहिल्या भागाकडे जावं. त्याची सुरुवातीची आठ बारांची सुरावट घरच्या पेटीवरही वाजवता येते. ‘ए’ला सा मानलं, तर लागणारे सगळे स्वर शुद्धच आहेत. एका बारात सहा मात्रा धरायच्या, लय सावकाश आणि किंचित झुलती.

पहिले चार बार असे:

ग म ग प प । रे ग रे म म । सा सा रे रे । ग प म ग रे

पुढचे चार असे:

ग म ग प प । रे ग रे म म । सा रे ग म । ग रे सा

दोन्ही ओळींचे पहिले दोन बार हुबेहूब सारखे आहेत. तिसऱ्या बारापासून वाटा फुटतात. पहिली ओळ रेवर थांबते, दुसरी सावर येऊन मिटते. अशा जोडीला ‘पिरियड’ म्हणतात. तिच्या पहिल्या ओळीला आपण पूर्वार्ध म्हणू आणि दुसरीला उत्तरार्ध.

ही जोडी प्रश्नोत्तरासारखी असते, असं बऱ्याचदा सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. बोलण्यातलं उत्तर प्रश्नाचेच शब्द पुन्हा उच्चारून सुरू होत नाही. इथे मात्र उत्तरार्ध मुद्दाम पहिल्यापासून तेच म्हणायला लागतो आणि खरी किमया तिथेच आहे. पाचवा बार कानावर पडताच ऐकणाऱ्याला ओळख पटते. आता पुढे रे येणार असं तो मनात धरतो, आणि नेमक्या त्या ठिकाणी सुरावट वळून घरी जाते. सुरुवात वेगळी असती, तर शेवट बदलल्याचं कळलंच नसतं.

पण रेवर थांबणं अपुरं का वाटतं? आपल्याकडे रेवर न्यास करणाऱ्या बंदिशी आहेत, त्या काही अर्धवट वाटत नाहीत. याचं उत्तर सुरावटीत नाही, डाव्या हाताखालच्या कॉर्डमध्ये आहे. चौथ्या बारच्या शेवटी रेच्या खाली प-नी-रे ही स्वरसंगती वाजते. पंचमावर उभी असलेली ही कॉर्ड म्हणजे ‘डॉमिनंट’. तिच्यातला नी वरच्या साकडे ओढ घेत असतो. ती ओढ पुरी न करता तिथेच थांबलं, की त्या थांब्याला ‘हाफ कॅडेन्स’ म्हणतात. आठव्या बारमध्ये हीच कॉर्ड येते, पण तिच्यापाशी न थांबता संगीत सा-ग-प या मूळ कॉर्डवर उतरतं आणि वरची सुरावटही सावर येते. हा पूर्ण विराम. पहिला थांबा कच्चा आणि दुसरा पक्का, याच फरकावर पिरियड उभा असतो. दोन्ही ओळी सावरच मिटल्या असत्या, तर त्याला नुसती पुनरावृत्ती म्हणावं लागलं असतं. म्हणून आठ बार मोजून झाले म्हणजे पिरियड सापडला असं समजू नये. पूर्वार्ध एकटा वाजवून थांबून पाहावं. हात आपोआप पुढे जाऊ पाहत असेल, तर तो खरा पूर्वार्ध.

आठ बारांची दुसरी घडण अगदी वेगळ्या स्वभावाची आहे. तिला ‘सेंटेन्स’ म्हणतात. तिचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे बेथोव्हनच्या पहिल्या पियानो सोनाटाची, एफ मायनरमधल्या ओपस २ क्रमांक १ ची, सुरुवात. तो १७९६ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्नोल्ड शोएनबर्ग विद्यार्थ्यांना ही घडण समजावताना याच सुरुवातीचा आधार घेत असे. त्याच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये निघालेल्या रचनाशास्त्राच्या पुस्तकातही हेच उदाहरण आहे.

इथे पहिल्या दोन बारांत सुरावट मूळ कॉर्डच्या स्वरांवरून झपाझप वर चढते आणि टोकाला एक छोटी गिरकी घेते. पुढच्या दोन बारांत तोच आकार डॉमिनंट कॉर्डवर पुन्हा येतो. चार बार झाले. मोझार्ट इथून सुरुवातीकडे परतला होता, बेथोव्हन परतत नाही. तो आपली कल्पना मोडतो. चढण टाकून देतो, फक्त शेवटची गिरकी उचलतो आणि ती पाचव्या बारात एकदा, सहाव्यात एकदा वाजवतो. दोन बारांचा तुकडा आता एका बाराचा झाला. खालच्या कॉर्डही आधी दोन-दोन बारांनी बदलत होत्या, त्या आता बाराबाराला बदलू लागतात, सातव्या बारात त्याहूनही लवकर. लय तीच असूनही संगीत धाप लागल्यासारखं धावतं. वरच्या टोकाचे स्वर ऐकावेत. एफला सा मानलं तर आधी कोमल ग, मग म, पुन्हा कोमल ग, पुन्हा म आणि सातव्या बारात एकदम जोरात प. तिथून सुरावट खाली येते आणि आठव्या बारात आवाज अचानक हळू होऊन डॉमिनंटवर थबकते. शेवट हाफ कॅडेन्सनेच होतो. याचा अर्थ, सेंटेन्सला पक्का विराम हवाच असं नाही. कल्पना मांडणं, ती पुन्हा मांडणं आणि मग तिचे तुकडे करत विरामाकडे धावणं, हे त्याचं लक्षण.

या दोन घडणींत सीमारेषा आखून बसण्यात अर्थ नाही, कारण संगीतकार त्या एकमेकींत मिसळतात. मोझार्टचा पूर्वार्धच घ्या. पहिला बार ‘ग म ग प प’. दुसरा बार म्हणजे तीच आकृती एक स्वर खाली, ‘रे ग रे म म’. तिसऱ्यापासून आकृती मोडते आणि चौथ्यात थांबा येतो. एक बार, त्याची पुनरावृत्ती, मग दोन बारांची धाव, म्हणजे चार बारांत मावलेला छोटा सेंटेन्सच. तो उत्तरार्धात थोड्या फरकाने पुन्हा येतो आणि दोन सेंटेन्स मिळून एक पिरियड होतो.

चार-चारचा हिशेबही नेहमी पाळला जात नाही. याच सुरावटीचा पुढचा भाग आठ नव्हे, दहा बारांचा आहे. मधल्या चार बारांनंतर मूळ सुरावट परतते, सोळाव्या बारात मिटते, आणि त्यावर मोझार्ट दोन बार जोरकसपणे जास्त वाजवून तोच विराम पुन्हा पक्का करतो. मग सहा व्हेरिएशन्स येतात. तिसऱ्यात मेजरचं मायनर होतं, पाचव्यात लय अगदी संथ होते. मूळ सुरावट नक्षीखाली इतकी झाकली जाते, की ‘ग म ग प प’ कान शोधत राहतो. तरीही चौथ्या बारचा कच्चा थांबा आणि आठव्याचा पक्का विराम प्रत्येक वेळी आपापल्या जागी येतात.