अनुदान तीन वर्षं कुठे असतं?

जिल्हा उद्योग केंद्रात पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, ‘पस्तीस टक्के माफ होतात ना?’ प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे पीएमईजीपीत, अनुदान खरंच आहे. पण ते उद्योजकाच्या हातात कधीच पडत नाही. ते कुठे जातं आणि कोणत्या अटींवर त्याचं होतं, हे अर्जाआधी समजलेलं बरं. ही योजना 2008 पासून खादी आणि ग्रामोद्योग आयोगामार्फत चालते आणि कर्ज मात्र बँकच देते.

गावात लाकडी घाण्यावर तेल काढायचं ठरवलेल्या एका बाईचं उदाहरण घेऊ. घाणा, मोटार, गाळणयंत्र आणि शेडचं काम मिळून सात लाख, आणि शेंगदाणा-करडई खरेदीसाठी खेळतं भांडवल तीन लाख, असा दहा लाखांचा प्रकल्प. जागेची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. ती खुल्या प्रवर्गातली असली तरी महिला म्हणून ‘विशेष प्रवर्गात’ येते. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक आणि दिव्यांगही याच गटात आहेत. या गटाला स्वतःचे पाच टक्के भरावे लागतात आणि ग्रामीण भागात पस्तीस, शहरात पंचवीस टक्के अनुदान मिळतं. म्हणजे तिचे पन्नास हजार, बँकेचे साडेनऊ लाख आणि त्यावर साडेतीन लाख अनुदान. खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाने हाच घाणा शहरात टाकला, तर त्याला स्वतःचे एक लाख घालावे लागतील आणि अनुदान दीड लाखच मिळेल. म्हणूनच ग्रामीण भागाचा दाखला हा या फाइलमधला सर्वांत मोलाचा कागद ठरतो.

बँक साडेनऊ लाख मंजूर करते आणि पहिला हप्ता सोडल्यावर अनुदानाची मागणी पाठवते. साडेतीन लाख आले की ते तिच्या नावाने मुदत ठेवीत तीन वर्षं अडकवून ठेवले जातात. या ठेवीवर तिला व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्याच रकमेवर बँकही व्याज लावत नाही. म्हणजे व्याज सहा लाखांवर. अकरा टक्के दर धरला तर पहिल्या वर्षी साधारण एक लाख चार हजारांऐवजी सहासष्ट हजार. मात्र अनुदान येईपर्यंतच्या काळात व्याज पूर्ण रकमेवर चालू असतं. तेवढी तरतूद हाताशी ठेवावी.

तीन वर्षांनी प्रत्यक्ष पाहणी होते. घाणा चालू असेल, तरच ठेव कर्जात वळती होते. कुणी स्वतःहून मध्येच कुलूप लावलं, तर अनुदान सरकारकडे परत जातं.

दुसरी अट फार कमी लोकांना ठाऊक असते. खेळत्या भांडवलाची जी कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर होते, ती या तीन वर्षांत एकदा तरी पूर्ण वापरलेली हवी आणि एरवीचा वापर पंचाहत्तर टक्क्यांखाली जाता कामा नये. नाहीतर त्या प्रमाणात अनुदान वसूल होतं. अनुदान वाढावं म्हणून खेळतं भांडवल फुगवून लिहिण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो मला घातक वाटतो. तीन लाखांची मर्यादा घेऊन दीड लाखावरच धंदा फिरवला, तर फुगवलेला आकडाच पुढे अंगावर येतो.

पात्रतेत वय अठराच्या पुढे हवं, उत्पन्नाची अट नाही. उत्पादनाचा प्रकल्प दहा लाखांच्या किंवा सेवा-व्यवसायाचा पाच लाखांच्या वर असेल, तर आठवी पास हवी. 2022 मध्ये या प्रकल्पांच्या मर्यादा अनुक्रमे पन्नास लाख आणि वीस लाख झाल्या. पती-पत्नीपैकी एकालाच लाभ मिळतो. उद्योग नवा हवा आणि आधी दुसऱ्या सरकारी योजनेचं अनुदान घेतलेलं नसावं. त्यामुळे राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून त्याच घाण्यासाठी पुन्हा अनुदान घेता येत नाही. उत्साहाच्या भरात मंजुरीआधीच यंत्र आणून उत्पादन सुरू केलं, तर ‘नवा उद्योग’ ही अटच मोडते.

अर्ज kviconline.gov.in वर विनामूल्य भरता येतो, त्यासाठी दलालाची गरज नाही. आधार, पॅन, फोटो, लागू असेल तो जातीचा दाखला, लागेल तिथे शाळेची गुणपत्रिका, ग्रामीण दाखला आणि प्रकल्प अहवाल हे मुख्य कागद. बँक त्यापुढे यंत्राचं कोटेशन, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र आणि जुन्या कर्जांचा इतिहास पाहते. दोन लाखांवरच्या प्रकल्पाला उद्योजकता प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागतं, आणि ते नसेल तर अनुदानाची मागणी पुढे सरकत नाही.

फाइल अडते ती बहुधा प्रकल्प अहवालात. झेरॉक्सच्या दुकानातल्या तयार अहवालात घाणा वर्षभर पूर्ण क्षमतेने चालतो. शाखाधिकारी विचारतो, ‘शेंगदाणा कुठून घेणार? शंभर किलोला तेल किती? पेंड कोण उचलणार?’ तेलाचा उतारा दाण्यावर आणि घाण्यावर बदलतो. शेजारच्या तालुक्यातल्या चालू घाण्यावर उभं राहून तो स्वतः मोजून यावा, तेल घेऊ म्हणणाऱ्या दुकानदारांची लेखी पत्रं जोडावीत, आणि विजेचा भार व अन्नपरवान्याचा खर्च अहवालात आधीच धरावा. योजनेचे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून कोटेशन घेण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रातून चालू मार्गदर्शक सूचनांची प्रत मागून घ्यावी.