गाळाचे वय शिशाला विचारताना

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाचा गाळ १९७१ साली एका शोधनिबंधात युरोपातल्या पाव्हँ आणि लेमान सरोवरांच्या गाळाशेजारी जाऊन बसला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले एस. कृष्णस्वामी आणि देवेंद्र लाल यांनी मार्टिन आणि मेबेक या फ्रेंच संशोधकांबरोबर एक प्रश्न हाती घेतला होता. तळाशी साचलेल्या गाळाचा अमुक एक थर कोणत्या साली पडला, हे कसे ओळखायचे? हजारो वर्षांपूर्वीच्या थरांसाठी कार्बन-१४ होता. पण गेल्या शंभर-दीडशे वर्षांसाठी, म्हणजे गिरण्या उभ्या राहिल्या, जंगले तुटली आणि धरणे बांधली गेली त्या काळासाठी, कार्बनचे घड्याळ फार सावकाश चालते. तिथे शिसे-२१० उपयोगी पडते. त्याचे प्रमाण दर २२ वर्षांनी निम्मे होते.

हे शिसे येते जमिनीतून, पण आभाळाच्या वाटेने. खडक-मातीत थोडे युरेनियम असतेच. त्याच्या विघटनातून रेडियम आणि रेडियममधून रेडॉन हा वायू तयार होतो. त्यातला काही वायू मातीच्या फटींतून हवेत निसटतो आणि थोड्याच दिवसांत त्याचे शिसे-२१० होते. ते हवेतल्या बारीक कणांना चिकटते आणि पावसाबरोबर, धुळीबरोबर खाली येते. तळ्यात पडले की ते गाळाच्या कणांना घट्ट धरून तळाशी बसते.

जो रेडॉन निसटत नाही त्याचेही शिसेच होते, फक्त मातीच्या आत. त्यामुळे गाळात दोन प्रकारचे शिसे सापडते: एक त्याच गाळातल्या रेडियमपासून सतत तयार होणारे आणि दुसरे वरून पडलेले. वय सांगते ते दुसरे. म्हणून गाळाच्या नळीतून काढलेल्या चकत्या वाळवून, वजन करून, हवाबंद डबीत तीन-चार आठवडे ठेवतात. तेवढ्यात आतला रेडॉन आणि रेडियम यांचा समतोल होतो. मग गॅमा किरण मोजून दोन्ही आकडे मिळतात आणि पहिला वजा करता येतो. ही वजाबाकी चुकली तर पुढचे सगळेच चुकते.

आता खरी मेख. वरून किती शिसे येत होते, हे जुन्या काळासाठी कोणी मोजून ठेवलेले नाही. सुरुवातीला अनेकांनी असे धरले की ताज्या गाळाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये शिशाचे प्रमाण सारखेच असते. पण डोंगर उघडा पडला, नांगरट वाढली की गाळ दुप्पट येतो आणि तेवढेच शिसे दुप्पट मातीत पसरते. रोज चमचाभर हळद टाकायची आणि वरण कधी वाटीभर, कधी पातेलंभर करायचे, तसे. रंग फिका झाला म्हणून हळद जुनी ठरत नाही.

पीटर ॲपलबी आणि फ्रँक ओल्डफिल्ड यांनी १९७८ मध्ये याऐवजी हळदीचा चमचाच ठराविक धरला. गाळ कमीजास्त येवो, दर वर्षी दर चौरस मीटरवर येणारे शिसे मात्र तेवढेच. हेच ठराविक पुरवठ्याचे गृहीतक. पाऊस एखाद्या वर्षी कमी झाला म्हणून ते मोडत नाही, कारण गाळाच्या एका चकतीत सहसा अनेक वर्षे सामावलेली असतात. सरासरी टिकली की पुरे.

यातून वय काढायची रीत मला फार सुंदर वाटते. पुरवठा ठराविक असेल तर बराच काळ गेल्यावर जेवढे शिसे येते तेवढेच विघटनाने जाते आणि तळाचा एकूण साठा स्थिर राहतो. हिशेबासाठी एक नळी मानू, तिच्यात चौरस मीटरमागे ४,००० बेकरेल वरून आलेले शिसे आहे. एखादा थर घ्या आणि फक्त त्याच्या खाली किती शिसे उरले ते पाहा. तो थर जेव्हा तळाचा पृष्ठभाग होता, त्या दिवशी खालचा साठाही ४,०००च होता. आज तो २,००० असेल तर एक अर्धायुष्य गेले, म्हणजे २२ वर्षे. १,००० असेल तर ४५. मधे गाळ किती जाड पडला, हे विचारावेच लागले नाही.

मात्र खाली जाता जाता हीच रीत नाजूक होते. नळी आखूड पडली, किंवा खालच्या चकत्यांतले शिसे मोजता न येण्याइतके क्षीण होते आणि त्यामुळे १०० बेकरेल हिशेबातून सुटले, असे समजा. वरच्या, २२ वर्षांच्या थराचे वय जेमतेम वर्षभराने चुकते. पण ज्या थराखाली खरे तर २०० होते, तिथे आता १०० दिसतात आणि ९६ वर्षांचा थर ११८ वर्षांचा ठरतो. कालक्रमाच्या तक्त्यात तळाजवळची वयं एकाएकी लांब उड्या मारू लागली की आधी हा संशय घ्यावा.

दुसरी चूक जास्त खोल आहे, कारण तिथे गृहीतकच मोडलेले असते. ती पकडायला वेगळा साक्षीदार लागतो. अणुचाचण्यांमुळे सीझियम-१३७ जगभर पडले आणि १९६३च्या सुमारास त्याची पातळी शिगेला पोचली. आपली मानलेली नळी २०१३ साली काढली असेल, तर सीझियमच्या शिखराखाली एकूण शिशाच्या २१ टक्के शिसे असायला हवे, कारण ५० वर्षांत तेवढेच उरते. प्रत्यक्षात ३० टक्के सापडले तर शिशाचे घड्याळ त्या थराला १९७४ म्हणेल. अकरा वर्षांचा फरक मोजणीतली किरकोळ चूक म्हणून सोडून देता येत नाही.

अशा वेळी १९६३ ही तारीख पक्की धरून दोन्ही बाजूंचा पुरवठा वेगवेगळा काढतात. आपल्या आकड्यांत १९६३नंतर वर्षाला सुमारे ११० बेकरेल येतात आणि आधी सुमारे १७७. म्हणजे पूर्वी या जागी जास्त शिसे येत होते. का, याचे उत्तर तळ्याकडे असते. काठाचा गाळ घसरून मध्यभागी गोळा होत असेल आणि पुढे पाण्याची पातळी बदलून ती जागा सरकली असेल. किंवा पाणलोटातली वरची माती, जिच्यात आधीच पडलेले शिसे साठलेले असते, एके काळी वेगाने वाहून आली असेल. पुराने एका रात्रीत आणून टाकलेला जाड थर ओळखला तर हिशेबातून वगळता येतो. पण तळ्यातले किडे-अळ्या गाळ उकरत असतील तर वरचे थर मिसळून जातात आणि शिशाचा आलेख माथ्याशी सपाट दिसतो. तिथे तर सीझियमचे शिखरही पसरट होते, म्हणून साक्षीदारालाही तपासून घ्यावे लागते.

फिनलंडमधल्या काही तळ्यांत गाळाचे थर झाडाच्या वलयांसारखे वर्षावर्षाने वेगळे दिसतात. ॲपलबी, ओल्डफिल्ड आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये अशा मोजता येणाऱ्या थरांशी शिशाची वयं ताडून पाहिली, तेव्हा ठराविक पुरवठ्याचा हिशेब चांगला जुळला. पण तिथे वर्षे बोटांवर मोजता येत होती. बहुतेक तळ्यांत ती सोय नाही. म्हणून प्रदूषण केव्हा वाढले किंवा धरण किती वेगाने भरते आहे असे सांगणारा गाळाचा अहवाल हाती आला, तर त्यात शिशाशेजारी सीझियमचा स्तंभ आहे का, ते आधी पाहा. तानसाच्या त्या १९७१च्या कामातही शिशाबरोबर सीझियम मोजले होते.