संसर्गावरचा उपाय गुरांच्या डॉक्टरकडे

एमआयटीचे प्राध्यापक एरिक फॉन हिपेल यांचं म्हणणं असं, की नव्या वस्तूची कल्पना हवी असेल तर सरासरी गिऱ्हाइकाला विचारू नये. ज्याची अडचण सगळ्यांत बिकट आहे आणि ज्यानं स्वतःच त्यावर तोड काढली आहे, त्याला गाठावं.

१९९६ मध्ये ‘थ्रीएम’ कंपनीच्या चमूनं शस्त्रक्रियेतला जंतुसंसर्ग रोखण्यासाठी हीच वाट धरली. विचारत विचारत ते पोचले गुरांच्या डॉक्टरांपर्यंत. तिथला रुग्ण केसाळ, आंघोळ न करणारा, शिवाय विमा नसलेला. म्हणजे उपाय स्वस्तच हवा. तरीही संसर्ग आटोक्यात! मग नाटक-सिनेमाचे रंगभूषाकार भेटले. त्वचेला इजा न करता चिकटवायचं आणि अलगद काढायचं कसं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मात्र अशी जुगाडं एकाच्या गरजेपुरती असतात. ती सामान्य ग्राहकाला चालतील का, हे वेगळं तपासावंच लागतं.