सारख्याला सारख्याशी बदलायचं ते कशासाठी?

क्विकसॉर्ट टोनी होर यांना सुचलं ते 1959 साली, मॉस्कोत शिकत असताना. यादीतला एक आकडा 'पिव्हट' म्हणून निवडायचा, त्याहून लहान आकडे डावीकडे आणि मोठे उजवीकडे करायचे, मग दोन्ही भागांवर हेच पुन्हा करायचं. ही विभागणी करण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत, आणि त्यांतला फरक वरवर वाटतो त्याहून बराच मोठा आहे.

निको लोमुटो यांची रीत जॉन बेंटली यांच्या लेखनामुळे पसरली. तीत शेवटचा आकडा पिव्हट धरून एकाच टोकाकडून चालत जायचं आणि पिव्हटपेक्षा मोठा नसलेला प्रत्येक आकडा डाव्या भागाच्या कडेला नेऊन ठेवायचा. लिहायला सोपी, म्हणूनच ती वर्गात आधी शिकवतात. पण आधीच योग्य बाजूला असलेल्या आकड्यालाही तीत हलवावं लागतं. होर यांच्या मूळ रीतीत दोन टोकांकडून दोन दर्शक आत सरकतात. डावा लहान आकडे ओलांडतो, उजवा मोठे, आणि दोघेही चुकीच्या बाजूच्या आकड्यावर थांबले की त्या दोघांची अदलाबदल होते. म्हणजे खरोखर चुकलेलेच आकडे हलतात. सगळे आकडे वेगळे आणि विस्कळीत असतील, तर सहा लाखांच्या यादीच्या पहिल्या विभागणीत लोमुटो रीतीला सरासरी तीन लाख अदलाबदली लागतात, होर रीतीला एक लाख. तुलना मात्र दोन्हींत जवळपास सारख्याच होतात.

खरी परीक्षा सारख्या आकड्यांची. यादीत 7 हा आकडा आठ वेळा आहे असं धरा. लोमुटो रीतीत पिव्हट सोडून सातही आकडे 'मोठे नाहीत' म्हणून डावीकडे जातात, उजवीकडे काहीच उरत नाही. पुढच्या फेरीला सात आकडे, मग सहा. एकूण तुलना 28. आठच्या जागी एक लाख सारखे आकडे असतील, तर तुलना सुमारे 500 कोटींवर जातात.

होर रीतीत दोन्ही दर्शक पिव्हटएवढ्या आकड्यावरही थांबतात. पहिला-आठवा, दुसरा-सातवा, तिसरा-सहावा, चौथा-पाचवा अशा चार अदलाबदली होतात. सातची सातशीच अदलाबदल, वरकरणी वाया गेलेलं काम. पण त्यामुळेच दर्शक नेमके मधोमध भेटतात आणि यादी चार-चार अशी फुटते. ही अदलाबदल वाचवावी म्हणून कुणी सारखे आकडेही ओलांडून जाऊ लागला, की एक दर्शक थेट दुसऱ्या टोकाला, कधी यादीबाहेरही जातो. माझ्या मते या रीतीतली सगळ्यात हुशार गोष्ट हीच.

होर रीत वापरताना एक पथ्य पाळावं लागतं. विभागणीनंतर पिव्हट आपल्या अंतिम जागी असेलच असं नाही, म्हणून पुढच्या फेरीतून त्याला वगळता येत नाही. शिवाय शेवटचा आकडाच पिव्हट धरला आणि तो सर्वांत मोठा निघाला, तर डावा भाग पूर्ण यादीएवढाच राहतो आणि कार्यक्रम कधी थांबतच नाही. पहिला किंवा मधला आकडा पिव्हट घेतला, की ही अडचण येत नाही.